खालचा मीटर आणि वरचा अँटेना: ७५ ओहमच्या केबलवर एसडब्ल्यूआर वाचताना केलेल्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारच्या जीआय पाइपवर १४५ मेगाहर्ट्झसाठी बसवलेला ग्राउंड प्लेन अँटेना आहे. मध्ये उभी काडी आणि तिच्या बुडाशी ४५ अंशांत खाली झुकलेले चार रेडियल. तिथून आरजी-५८ केबल जिन्याच्या कोपऱ्याने खाली खोलीत येते. लांबी साधारण १८ मीटर. हॅम रेडिओचा सेट २५ वॉटचा आहे, आणि सेट व केबल यांच्यामध्ये वर गेलेल्या पॉवरपैकी किती परत येते ते सांगणारा, नेहमीचा दोन काट्यांचा एसडब्ल्यूआर मीटर कायम लावलेला असतो.

पावसाळा संपता संपता सिन्नरच्या मित्राने सांगायला सुरुवात केली की माझा आवाज खरखरीत बुडतोय. पूर्वी त्याच्याकडे मी स्वच्छ ऐकू यायचो. मला तोही पूर्वीपेक्षा हलका ऐकू येतोय. मीटर मात्र १.२ दाखवतोय. १.२ म्हणजे कोणीही म्हणेल की अँटेना उत्तम आहे, दुसरीकडे शोधा. त्यामुळे आधी सेटची पॉवर अँटेनाऐवजी डमी लोडवर तपासली. २५ वॉट पुरते निघतायत. माइक बदलून पाहिला, फरक नाही.

देवळालीत एक काका राहतात, फौजेत सिग्नलमध्ये होते. त्यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "वर जा, अँटेना केबलपासून सोड, केबलचं टोक तसंच उघडं ठेव, आणि खाली येऊन मीटर बघ. पॉवर सगळ्यात कमी ठेव आणि क्षणभरच दाब."

भाच्याला वर पाठवून अँटेना सोडवला. केबलच्या टोकाला काहीही नाही, म्हणजे गेलेली सगळी पॉवर परत यायला हवी आणि काटा उजवीकडे जाऊन आपटायला हवा. मीटरने दाखवलं १.५.

"मामा, सोडलाय मी, खरंच सोडलाय," असं भाच्याने वरून दोनदा ओरडून सांगितलं. फोटोही पाठवला.

अँटेनाच नाही आणि मीटर १.५ म्हणतोय, याचा अर्थ वर गेलेली लहर परत येईपर्यंत संपतेय. केबल तिला जाताना खाते आणि येतानाही खाते. मीटरपर्यंत इतकं कमी परत पोचतं की त्याला सगळं ठीक वाटतं. हे आकड्यात बसवता येतं:

```
Γ    = (SWR - 1) / (SWR + 1)
RL   = -20 * log10(Γ)      (dB)
loss = RL / 2              (dB, one way)
```

१.५ वरून Γ येतो ०.२, म्हणजे परतलेली लहर गेलेल्या लहरीच्या एक पंचमांश. RL, म्हणजे परतलेल्या लहरीतली घट, येते १४ डेसिबल. हा जाण्यायेण्याचा मिळून हिशोब, म्हणून एका बाजूचा लॉस ७ डेसिबल. सेटमधून निघालेल्या २५ वॉटपैकी अँटेनाशी पोचतात जेमतेम ५. नव्या आरजी-५८ चा लॉस या फ्रीक्वेन्सीला मीटरमागे ०.२ डेसिबलच्या आसपास असतो. म्हणजे १८ मीटरला साडेतीन डेसिबल गेले असते आणि ११ वॉट वर पोचले असते. नवी असतानाही ही केबल या कामाला हलकीच होती, आता तर तिने पाचातले चार हिस्से गिळलेत.

वरचं टोक शॉर्ट करूनही रीडिंग घ्यावं, असं काकांनी सांगितलं. उघड्या आणि शॉर्ट केलेल्या टोकाची रीडिंग जवळजवळ सारखी आली तर हिशोबावर भरवसा ठेवता येतो. खूप वेगळी आली तर केबलचा स्वतःचा इम्पिडन्सच ५० राहिलेला नाही असं धरायचं. माझ्याकडे १.५ आणि १.६ आली.

७ ऑक्टोबर

केबल उतरवली. वरचा पीएल-२५९ कनेक्टर उघडला तर आत हिरवट पूड. बाहेरचं काळं आवरण बोटभर सोललं: जाळी, जी तांब्याची लालसर चकचकीत असायला हवी, ती काळी पडलेली आणि बोटाने चोळली की काजळी लागते. एक मीटर कापून टाकलं, पुन्हा सोललं, तीच जाळी. आणखी एक मीटर, तरीही काळी. पाणी एका ठिकाणी थांबत नाही. जाळीच्या बारीक तारांमधून ते वातीतल्या तेलासारखं चढत-उतरत जातं आणि केबलच्या आत कित्येक मीटर पसरतं. टोक कापून नवा कनेक्टर लावणं हा इथे उपाय नाही. केबल टाकून दिली.

पाणी शिरलं कुठून तेही दिसलं. कनेक्टरवर साधी पीव्हीसी टेप होती आणि ती वरून खाली गुंडाळलेली होती. अशी गुंडाळली की प्रत्येक वेढ्याची कड वर तोंड करून राहते आणि पावसाचं पाणी तिच्यात थांबतं. टेप खालून वर गुंडाळत न्यायची, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर येतो आणि कौलांवरून ओघळावं तसं पाणी निघून जातं.

१२ ऑक्टोबर, रविवार

नवी केबल घेण्याआधी अँटेना खरोखर कसा आहे ते पाहायचं होतं. यासाठी मीटर अँटेनाच्या पायाशीच न्यावा लागतो. नॅनो व्हीएनए, म्हणजे फ्रीक्वेन्सीच्या अख्ख्या पट्ट्यात एसडब्ल्यूआर दाखवणारं छोटं यंत्र, घेऊन गच्चीवर गेलो. सोबत अर्ध्या मीटरचा पातळ तुकडा घेतला आणि त्या तुकड्याच्या दूरच्या टोकाला `OPEN`, `SHORT`, `LOAD` जोडून कॅलिब्रेशन केलं. सेटिंग १३० ते १६० मेगाहर्ट्झ. कॅलिब्रेशन तुकड्याच्या टोकाशी केल्याने तुकडा हिशोबातून निघून जातो आणि यंत्राला फक्त अँटेना दिसतो.

उभं राहण्याचीही एक पद्धत आहे. रेडियलच्या जवळ डोकं नेलं की आकडा हलतो. यंत्र पाइपला बांधलं, खाली बसलो आणि तिथूनच स्क्रीन वाचली.

१४५ ला २.५.

खाली १.२ आणि वर २.५. हिशोब करून पाहिला, कारण दोन्ही आकडे एकाच अँटेनाचे आहेत हे पटायला हवं. २.५ म्हणजे Γ ०.४३, RL सुमारे साडेसात डेसिबल. त्यात केबलचे जाण्यायेण्याचे १४ मिळवले की साडेएकवीस. त्याचा उलट हिशोब करून एसडब्ल्यूआर काढला तर १.१९. मीटरने १.२ दाखवलं ते चोख होतं. तो त्याच्या जागेवरचं खरं तेच सांगत होता. त्याच्या जागेवरून अँटेना दिसतच नव्हता.

अँटेनाचा दोष सापडायला वेळ लागला नाही. दोन रेडियलचे स्क्रू गंजून ढिले झाले होते, हाताने रेडियल फिरत होते. बुडाची पट्टी पॉलिश पेपरने घासून पांढरी केली, चारही जागी स्टेनलेसचे स्क्रू आणि दातेरी वॉशर टाकले. उभी काडी थोडी लांब होती, ती पाच-पाच मिलिमीटर कापत ४९ सेंटिमीटरवर आणली. आता १४५ ला १.१ आणि १४४ ते १४६ मध्ये कुठेही १.२ च्या वर नाही. हे रीडिंग केबलशिवायचं असल्यामुळे पुढच्या सगळ्या कामाचा पाया हेच.

१६ ऑक्टोबर

केबल कोणती घ्यावी यावर बराच विचार केला. ५० ओहमची जाड केबल, आरजी-२१३ किंवा तिच्याहून वरची फोमवाली, हे सरळ उत्तर आहे. पण १८ मीटर, अधिक कनेक्टर असा हिशोब केला की खर्च माझ्या अंदाजाबाहेर जातो, आणि जिन्याच्या कोपऱ्यातली भोकं तिच्यासाठी मोठी करावी लागतील.

टीव्हीची आरजी-६ मात्र शालिमारजवळ कुठल्याही दुकानात मिळते, मीटरला वीसेक रुपये. आत फोम असल्यामुळे १४५ ला तिचा लॉस मीटरमागे ०.०७ ते ०.०८ डेसिबल, म्हणजे आरजी-५८ च्या निम्म्याहूनही कमी. साडेअठरा मीटरला १.४ डेसिबल धरले तर २५ पैकी १८ वॉट वर पोचतील. अडचण एकच, ती ७५ ओहमची आहे. सेट ५० चा, अँटेना ५० चा आणि मधली केबल ७५ ची.

काकांचं म्हणणं, "घाल. फक्त खाली मीटर काय दाखवतो ते बघून घाबरू नकोस." आरजी-६ घेतली.

१९ ऑक्टोबर

आरजी-६ वर पीएल-२५९ सोल्डर करण्याचा नाद करू नये. या केबलची जाळी आणि फॉइल ॲल्युमिनियमचे असतात आणि त्यांना आपला नेहमीचा कथील धरत नाही. वरवर चिकटल्यासारखा दिसला तरी ओढलं की सुटून येतो. तिला टीव्हीचाच दाबून बसवायचा एफ कनेक्टर घालायचा आणि दोन्ही टोकांना एफ ते यूएचएफ जोडणी लावायची. दाबायचं हत्यार केबलवाल्याकडून दोन दिवसांसाठी आणलं. जोडण्या ऑनलाइन मागवल्या. दिवाळीमुळे त्या उशिरा येणार.

सोलताना एका गोष्टीकडे लक्ष द्यावं लागलं. जाळीची एक तार जरी मधल्या तांब्याच्या तारेला टेकली तरी शॉर्ट होतो आणि बाहेरून काही दिसत नाही. प्रत्येक कनेक्टर दाबल्यावर मल्टिमीटरने मधली तार आणि बाहेरची जाळी यांच्यात शॉर्ट नाही ना ते पाहिलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

केबल चढवली. अँटेना वर १.१ आहे हे माहीत, केबल नवी, चारही जोड तपासलेले. खाली मीटर लावला, १४५ वर कमी पॉवरने बटण दाबलं. मीटर म्हणतो २.०.

अँटेनाची काडी पुन्हा कापायला घेण्याची इच्छा अशा वेळी प्रत्येकाला होते. या इच्छेपायी चांगले अँटेना बिघडतात. काकांचा निरोप स्पष्ट होता: "अँटेनाला हात लावू नकोस. त्याच्या जागी वर डमी लोड लाव." वर ५० ओहमचा डमी लोड लावला. डमी लोडमध्ये ट्यून करण्यासारखं काही नसतं, तो ५० म्हणजे ५०. खाली मीटर: २.०. म्हणजे या २.० मध्ये अँटेनाचा हात नाही, हे केबलचं देणं आहे.

मग मीटर काढून खालच्या टोकाला नॅनो व्हीएनए लावला, वर डमी लोड तसाच ठेवून, आणि १३० ते १६० मेगाहर्ट्झ पाहिलं. स्क्रीनवर सरळ रेघ नव्हती. एकसारख्या अंतराने डोंगर आणि दऱ्या होत्या. दरीत एसडब्ल्यूआर १.१, शिखरावर २.०. दऱ्या १४१.६ ला आणि १४८.४ ला, म्हणजे ६.८ मेगाहर्ट्झच्या अंतराने. आणि या दोन दऱ्यांच्या मधोमध, बरोबर १४५ वर, एक शिखर. माझ्या नशिबी केबलची नेमकी ती लांबी आली होती.

हे का होतं ते त्याच रात्री वहीवर मांडलं. वरच्या टोकाला ७५ ओहमची केबल संपते आणि ५० ओहमचा भार सुरू होतो. तिथे

```
Γ = (50 - 75) / (50 + 75) = -0.2
```

म्हणजे व्होल्टेजचा एक पंचमांश भाग परत फिरतो. पॉवरच्या हिशोबात हे फक्त ४ टक्के. खाली येणारी ही लहर वर जाणाऱ्या लहरीत मिसळते. जिथे दोन्ही एका तालात येतात तिथे व्होल्टेज वाढलेलं, जिथे उलट्या तालात येतात तिथे घटलेलं, आणि केबलवरच्या या जागा स्थिर राहतात. वाढलेल्या आणि घटलेल्या व्होल्टेजचं गुणोत्तर म्हणजेच एसडब्ल्यूआर. केबलच्या वरच्या टोकाजवळ तो १.५ आहे आणि केबलची लांबी काहीही असली तरी तो १.५ च राहणार.

मग खाली २.० कुठून आला? मीटर आतून ५० ओहमला लावलेला आहे. त्याच्या सॉकेटमध्ये त्या जागी व्होल्टेज आणि करंट यांचं जे गुणोत्तर दिसतं ते ५० पासून किती लांब आहे, एवढंच तो सांगतो. पुढे कोणती केबल जोडली आहे हे कळायला त्याच्याकडे मार्ग नाही. आणि व्होल्टेज-करंटचं ते गुणोत्तर केबलवर जागोजागी बदलतं. वरच्या टोकापासून अर्ध्या तरंगलांबीवर पुन्हा ५० दिसतात. पाव तरंगलांबीवर दिसतात

```
75 * 75 / 50 = 112.5
```

ओहम. ५० च्या मीटरला ११२.५ म्हणजे २.२५. केबलमध्ये लॉस अजिबात नसता तर मीटरचं रीडिंग लांबीप्रमाणे १ ते २.२५ मध्ये फिरलं असतं. माझ्या केबलचा १.४ डेसिबल लॉस परतणाऱ्या लहरीला जाण्यायेण्यात बोथट करतो, ०.२ चा ०.१५ च्या आत येतो, म्हणून दरी १ ऐवजी १.१ ला आणि शिखर २.२५ ऐवजी २.० ला थांबतं. वहीवरचे आकडे आणि स्क्रीनवरचे आकडे जुळले.

दऱ्यांमधल्या अंतरावरून केबलची लांबीही निघते. केबलमधला वेग प्रकाशाच्या ०.८३ पट धरला तर

```
150 * 0.83 / 6.8 = 18.3
```

मीटर. टेपने मोजलेली साडेअठराच्या किंचित आत भरली होती. केबल आधीच भिंतीत, पाइपात गेली असेल आणि टेप लावता येत नसेल तर हा हिशोब कामाचा आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

२.० वर काही बिघडत नाही, हे आधी लिहून ठेवतो. १.५ एसडब्ल्यूआरमुळे या केबलमध्ये जास्तीचा लॉस एक दशांश डेसिबलहूनही कमी आहे. ७५ ओहमची केबल घातली म्हणून पॉवर वाया गेली असं कोणी सांगत असेल तर त्याने हिशोब केलेला नाही. अडचण सेटची आहे. बऱ्याच सेटमधली संरक्षक यंत्रणा परतलेली पॉवर पाहून निघणारी पॉवर स्वतःच कमी करते. माझा सेट २.० वर पॉवर उतरवायला लागतो, म्हणून रीडिंग खाली आणायचं.

केबलमध्ये १४५ ला पाव तरंगलांबी अशी काढली: हवेत पूर्ण तरंगलांबी २.०७ मीटर, पाव म्हणजे ५१.७ सेंटिमीटर, त्याचे ०.८३ पट म्हणजे ४३ सेंटिमीटर. एवढी लांबी कमी केली किंवा वाढवली की शिखराच्या जागी दरी यायला हवी.

मोठी केबल कापण्याआधी आरजी-६ चाच ४३ सेंटिमीटरचा तुकडा बनवला, दोन्ही बाजूंना एफ कनेक्टर, आणि जोडणीने मध्ये घातला. वर अजून डमी लोडच. मीटर: १.१. तुकडा काढला: २.०. पुन्हा घातला: १.१. भाच्याला हे इतकं आवडलं की त्याने स्वतःच्या हाताने करून पाहिलं. त्याचा प्रश्नही चांगला होता. तो म्हणाला, "मामा, वायर वाढवली तर करंट कमीच जायला पाहिजे ना?" घरातल्या विजेच्या वायरीला ते लागू आहे, कारण ५० हर्ट्झची तरंगलांबी हजारो किलोमीटरची आणि घरातली वायर दहा-वीस मीटरची. इथे तरंगलांबीच दोन मीटरची आहे, त्यामुळे वीतभर लांबीनेही चित्र पालटतं.

मग तुकडा काढून टाकला आणि मोठ्या केबलचं खालचं टोक ४३ सेंटिमीटरने कापलं. जोड जितके कमी तितकं बरं. नवा कनेक्टर दाबला, व्हीएनएवर पाहिलं: दरी १४५.१ ला. एक सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तर घाबरण्याचं कारण नाही, दरीचा तळ बराच रुंद असतो. पण कॅटलॉगमधला ०.८३ घेऊन, अर्ध्या तरंगलांबीच्या २१ पट लांबी टेपने मोजून, थेट दुकानातच केबल कापून आणली तर काम फसतं. २१ पटींमध्ये त्या ०.८३ मधली एक टक्का चूक १८ सेंटिमीटरची होते, आणि अख्ख्या पाव तरंगलांबीलाच ४३ लागतात. आधी लांब कापावी, यंत्राने दरी कुठे आहे पाहावी, मग उरलेलं कापावं.

शेवटी वर डमी लोड काढून अँटेना लावला. १४५ ला १.१. कडांना, म्हणजे १४४ आणि १४६ ला, खालचं रीडिंग १.४ च्या आसपास जातं, जरी अँटेनाच्या पायाशी तिथे १.२ च्या आत होतं. ही कडांची वाढ अँटेनाची नाही, केबल कित्येक अर्ध्या तरंगलांबींची असल्यामुळे फ्रीक्वेन्सी जरा सरकली की लांबीचा मेळ सुटतो. केबल जितकी लांब तितकी दरी अरुंद. ज्याला साठ-सत्तर मीटर आरजी-६ न्यायची आहे त्याला हा मार्ग पूर्ण बँडभर पुरणार नाही. त्याने दोन्ही टोकांना ५० आणि ७५ च्या छोट्या तुकड्यांचे जुळणी-जोड बनवावेत किंवा सरळ ५० ची केबल घ्यावी.

५ नोव्हेंबर

वरच्या जोडावर आधी रबरासारखी ताणून एकजीव होणारी टेप, तिच्यावर पीव्हीसी, दोन्ही खालून वर. कनेक्टरच्या खाली केबलला एक झोळ दिला, म्हणजे केबलवरून येणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल आणि आत शिरणार नाही. एफ ते यूएचएफ जोडणी मुळात घरात वापरायची वस्तू आहे. गच्चीवर ती या सगळ्या साखळीतली सगळ्यात कच्ची जागा आहे, म्हणून टेप अँटेनाच्या सॉकेटपासून केबलच्या आवरणावर चार बोटं खालपर्यंत नेली.

खर्च: केबल ४०० रुपये, एफ कनेक्टर आणि जोडण्या मिळून साडेतीनशे, टेप दोनशे, स्क्रू-वॉशर साठ.

९ नोव्हेंबर, रविवार

सिन्नरच्या मित्राशी सकाळी बोललो. खरखर गेली. त्याच्या सेटवरचा काटा पूर्वीपेक्षा एक घर आणि थोडा वर आहे. हेही हिशोबाला धरून आहे. आधी अँटेनाशी पोचायचे ५ वॉट, त्यातले १८ टक्के २.५ च्या परावर्तनात परत, म्हणजे हवेत ४. आता १८. फरक साडेसहा डेसिबल, आणि काट्याचं एक घर ६ डेसिबलचं धरतात. कानाला मात्र फरक याहून मोठा वाटतो, कारण एफएममध्ये सिग्नल एका पातळीच्या वर गेला की खरखर एकदम बसते आणि माझा सिग्नल इतके दिवस त्या पातळीच्या काठावर होता.

केबलच्या खालच्या टोकाला कागद चिकटवून वर टेप लावली आहे: "७५ ओहम, १४५ साठी कापलेली, मध्ये तुकडा जोडू नये." घरात दुसरं कोणी सेट हलवून एक मीटरभर जोडवायर घालेल आणि रीडिंग पाहून अँटेना कापायला घेईल, ते व्हायला नको.

अँटेना लावून टाकण्याआधी शेवटचं एक रीडिंग घेऊन ठेवलं होतं, तेही इथे लिहितो. वरचं टोक उघडं ठेवून खाली व्हीएनएवर १४५ ला एसडब्ल्यूआर ९ च्या जरा वर आला. १.४ डेसिबल लॉस असलेल्या, या लांबीच्या ७५ ओहमच्या केबलला तो एवढाच यायला हवा. वहीत हा आकडा ठळक केला आहे. पुढच्या वर्षी मे अखेर आणि पाऊस संपल्यावर असंच टोक उघडं ठेवून वाचायचं. आकडा साडेचारपर्यंत उतरला असेल तर लॉस ३ डेसिबल झाला, केबलने पाणी प्यायलंय, आणि अँटेना जोडलेला असताना मीटर १.१ दाखवत असला तरी ती उतरवायची.